दोन काचांमधला हिरवा

मला पालीची भीती वाटत नाही, अंधाराची वाटत नाही, सासूची तर कधीच वाटली नाही. मला भीती वाटते ती माझ्याच खात्रीची. 'मी तपासलंय' असं मी कुणाला ठणकावून सांगितलं की आजही मागे फिरून पुन्हा एकदा तपासते. त्याचं कारण सांगते. ते सांगायला रंगांबद्दल थोडं बोलावं लागेल, त्याला इलाज नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या नेत्र विभागात मी फोटो काढायचे. माणसांचे नव्हे, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी शाळेत शिकवायला न जाता या कामाला लागली म्हणून घरी नाराजी होती. मला मात्र ते काम फार आवडायचं. एक लांबनळीचा कॅमेरा होता, त्याच्या एका टोकाला पेशंट हनुवटी टेकवून बसायचा, दुसऱ्या टोकाला मी. आमचे डॉक्टर, त्यांना सगळे सर म्हणायचे, हाताच्या शिरेत औषधी रंगाचं इंजेक्शन द्यायचे. तो रंग रक्तातून डोळ्यात पोचला की त्याचे फोटो पटापट काढायचे. बाजूला आमचा वॉर्डबॉय घड्याळ धरून मोठ्यानं सेकंद मोजायचा. वॉर्डबॉय म्हणायचे, पण गृहस्थ पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. सगळे त्याला मामा म्हणत. कोणता फोटो कितव्या सेकंदाला काढला ते मी प्रत्येक रोलच्या पाकिटावर लिहून ठेवायचे.

त्या रंगाचा गुण असा की त्याच्यावर निळा उजेड पडला की तो स्वतः हिरवट पिवळा चमकतो. म्हणून कॅमेऱ्यात दोन फिल्टर. फ्लॅशच्या पुढे निळा, म्हणजे डोळ्यात फक्त निळा उजेड जावा. फिल्मच्या पुढे पिवळा, म्हणजे परत येणारा निळा तिथे अडावा आणि फक्त रंगाची चमक फिल्मवर पडावी. निळ्यातून जे येतं ते सगळं पिवळ्यानं खाल्लं पाहिजे, हा सगळ्या खेळाचा पाया. रंग टोचण्याआधी फोटो काढला तर तो काळाकुट्ट यायला हवा. तसा एक कोरा फोटो प्रत्येक पेशंटचा आधी काढायचा, असा नियमच होता.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता पिवळ्या फिल्टरला बुरशी लागली. ठिपकेच ठिपके. नवा मुंबईहून मागवायचा म्हणजे अर्जावर अर्ज, आणि येईपर्यंत पुढचा पावसाळा. मी बर्डीच्या बाजारातल्या एका फोटोच्या दुकानात गेले. आकाशातले ढग उठून दिसावेत म्हणून फोटोग्राफर लोक लेन्सला पिवळा फिल्टर लावतात, तो तिथे मिळाला. आमच्या जुन्यापेक्षा किंचित फिका. पण काच नितळ, सुरेख. मी खूश. पिवळा तो पिवळा, म्हटलं.

सरांनी विचारलं, हा चालेल का? मी म्हटलं, तपासून सांगते. आणि तपासलं कसं, ते ऐका. अंधाऱ्या खोलीत दोन टॉर्च घेतले. एकावर निळा फिल्टर, दुसऱ्यावर पिवळा. दोन्ही झोत भिंतीवर एकाच जागी टाकले. निळ्यातून चुकून थोडा हिरवा गळत असेल आणि पिवळाही तो सोडत असेल, तर भिंतीवर हिरवा दिसेल, असा माझा हिशेब. भिंतीवर काय दिसलं? पांढरट डाग. हिरव्याचा मागमूस नाही. मला इतका आनंद झाला की मी मामाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "माह्या पोरीच्या रंगपेटीत तं निळा नि पिवळा घोटला का हिरवा होते जी." मी त्याला हसले. म्हटलं, मामा, तो रंगपेटीतला रंग, हा उजेड. उजेडाचं गणित वेगळं.

वाक्य बरोबर होतं. ते बोलणारी गाढव होती.

सरांना ठणकावून सांगितलं, मी तपासलंय. आणि फिल्मची टंचाई होती म्हणून पुढे हेही ठरवून टाकलं की आता दर पेशंटला तो कोरा फोटो काढायची गरज नाही. एक फ्रेम वाचते. सर माझ्यावर विश्वास टाकायचे. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर आठवड्याभरात तो आला. इतवारीत एका कापड दुकानात साड्या दाखवणारा, चोवीस-पंचवीसचा. सोबत बायको, लकडगंजला एका खोलीत राहायचे दोघं. ती घरी साड्यांना फॉल लावायची. दोन महिन्यांपासून त्याचं डोकं दुखत होतं, संध्याकाळी तर असह्य. सरांनी डोळ्यात पाहिलं तर आतल्या नसेच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, कडा पुसट. अशा कडा दोन कारणांनी दिसतात. काही लोकांचा डोळा जन्मतःच आखूड असतो, तिथे नस दाटीवाटीनं बसलेली असते, त्यात काही धोका नाही. किंवा मग डोक्यात गाठ असते आणि तिच्या दाबानं नस सुजते. कोणतं आहे ते रंगाच्या फोटोवरून कळतं. सुजलेल्या नसेतून रंग झिरपतो आणि शेवटपर्यंत ती चमकत राहते. नुसती दाटी असेल तर झिरपत नाही.

फोटो काढले. नस चमकत होती. दहा मिनिटांनी काढलेल्या फोटोतही चमकत होती.

सरांनी प्रिंट हातात घेतली, भिंग लावून दोनदा पाहिली. मग त्या दोघांना खुर्चीवर बसवून समजावलं. तेव्हा डोक्याच्या आतलं चित्र काढणारी ती मोठी यंत्रं नागपुरात नव्हती. गाठ शोधायची तर कवटीला दोन भोकं पाडायची, आत हवा भरायची आणि एक्स-रे काढायचे. त्यात माणूस दगावूही शकतो. हे सगळं सरांनी गोड शब्दांत सांगितलं, तरी ते गोड होत नाही. त्यानं ऐकता ऐकता स्वतःच्या डोक्याला हात लावला, आणि बायको माझ्याकडे पाहायला लागली. सरांकडे नाही, माझ्याकडे. फोटो मी काढले होते ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याला भोकं पाडायला आत घेणार होते.

त्या दिवशी नऊ वाजता मी निगेटिव्हच्या पट्ट्या फाइलला लावत होते. त्याचं पाकीट हातात आलं. वर माझ्याच अक्षरात पहिल्या फ्रेमपुढे लिहिलेलं : पाच सेकंद.

मी पुढे गेले, आणि परत मागे आले. पाच? मग आठवलं. त्याचा डोळा अगदी स्थिर झाला होता आणि मामानं "पाच" म्हणताच मी घाईनं बटण दाबलं होतं. हातात टोचलेला रंग हृदयातून, फुप्फुसातून फिरून डोळ्यात यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. पाचव्या सेकंदाला डोळ्यात रंगाचा थेंबही नसतो. ती फ्रेम कोरी हवी.

पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो. पहिल्याच फ्रेमच्या मधोमध काळा गोल होता. नस. रंग यायच्या आधीच चमकणारी.

ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून अंगावर येत होतं आणि मला हुडहुडी भरली होती. मामा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काहून थरथरून राहिल्या जी बाई?" मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, दोन्ही फिल्टर काढले. या वेळी शेजारी शेजारी नाही, एकावर एक ठेवले आणि खिडकीकडे धरले.

हिरवं. मंद, पण स्वच्छ हिरवं. लिंबाच्या झाडाच्या पानाआडून उजेड यावा तसं.

त्या क्षणी सगळं लख्ख कळलं, आणि इतकं साधं की रडू आलं. निळा फिल्टर निळा सोडतो, पण काठावरचा थोडा हिरवाही सोडतो. पिवळा फिल्टर काही एकटा पिवळा सोडत नाही, तो निळा अडवतो आणि तांबडा, पिवळा, हिरवा सोडून देतो. एकावर एक धरले की निळ्याला दुसरा अडवतो, तांबड्याला पहिला अडवतो. दोघांनाही चालतो तो फक्त हिरवा. तेवढाच पार जातो. गाळणीवर गाळणी ठेवली की दोन्हींतून पडेल तेच भांड्यात येतं, तसं. आमच्या जुन्या फिल्टरचा पिवळा गडद होता, तो त्या काठच्या हिरव्यालाही अडवायचा, म्हणून त्या जोडीतून काळोख यायचा. नवा फिका होता. त्याच्या फिकेपणातून हिरवा निसटत होता. फ्लॅशचा हा हिरवा उजेड पेशंटच्या नसेवरून, जी मुळातच उजळ असते, परत येऊन थेट माझ्या फिल्मवर. फिल्म कृष्णधवल, तिला काय कळणार हिरवा रंगाचा की फ्लॅशचा.

आणि माझी टॉर्चची परीक्षा? ती उलटी होती. दोन झोत एका जागी टाकणं म्हणजे दोन नळ एका बादलीत सोडणं. काही अडत नाही, सगळं मिळतं. पिवळ्या झोतातला तांबडा, हिरवा, त्यात निळ्या झोतातला निळा : झालं पांढरं. हिरवा होता, भिंतीवरच होता, पण पांढऱ्याच्या पोटात. मी उजेडाची बेरीज करून पाहिली होती. कॅमेऱ्यात वजाबाकी होत होती. मामाच्या पोरीची रंगपेटीसुद्धा वजाबाकीच करते. मामा बरोबर होता आणि मी त्याला हसले होते.

साडेनऊ झाले होते. सरांना नुसतं सांगून भागणार नव्हतं. वरचे सर्जन विचारतील, पुरावा काय? मी मामाला म्हटलं की रंग न टोचता कुणाच्या तरी निरोगी डोळ्याचा फोटो काढायचाय, दोन्ही फिल्टर लावून. तो म्हणाला, "माह्या डोयात टाका औषध. तुमच्या मशीनले म्या भेतो, पण टाका." थेंब टाकले की बाहुली मोठी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ती मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. एकदा वाटलं, कुणाला काय कळणार? एक्स-रेत गाठ दिसणार नाही, ते म्हणतील बरं झालं, भोकं भरून येतील. हो, हे माझ्या मनात आलं. लपवत नाही. त्याच्यामागोमाग दुसरं आलं : आणि भरून नाही आली तर?

मामाचे चार फोटो काढले आणि डार्करूममध्ये शिरले. काळोखात फिल्म रिळावर चढेना. नोकरी जाणार हे दिसत होतं, बाप काय म्हणेल हे ऐकू येत होतं, आणि सगळ्यावर घड्याळाची टिकटिक. ओली पट्टी बाहेर आणली तेव्हा दहा वाजून वीस झाले होते. मामाच्या डोळ्यात रंगाचा थेंब गेला नव्हता, आणि चारही फ्रेममध्ये मधोमध तोच काळा गोल.

सर ओपीडीत होते. पेशंटांच्या रांगेतून मी आत घुसले, ओली पट्टी आणि ते दोन फिल्टर टेबलावर ठेवले आणि एका दमात सांगितलं. पाच सेकंद, मामाचा डोळा, हिरवा. सरांनी दोन्ही फिल्टर एकावर एक धरून खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची मागे लोटून जिन्याकडे धावले. पन्नाशीतला जाड माणूस दोन-दोन पायऱ्या चढत होता, मागे मी, आणि माझ्यामागे कठड्याला धरून धूसर डोळ्यांनी मामा.

तो स्ट्रेचरवर होता. डोकं तुळतुळीत केलेलं, मागच्या बाजूला जांभळ्या औषधानं दोन खुणा केलेल्या. सर आत सर्जनशी बोलायला गेले. दहा मिनिटं लागली. बाहेर आले आणि म्हणाले, आज होणार नाही, फोटो पुन्हा काढायचे, आधी डोळे नीट तपासायचे.

दुपारी औषध टाकून तपासले. आखूड डोळा. दोन्हींना प्लसचा नंबर, तोही दणदणीत. दिवसभर जवळून साड्यांची नक्षी दाखवायची, डोळ्यांना ताण देऊन देऊन डोकं उठायचं. बुरशीचे डाग पडलेला जुना फिल्टर बसवून फोटो पुन्हा काढले, आधी कोरा. कोरा काळाकुट्ट आला. रंगानंतरच्या फोटोंत डाग होते, पण नस झिरपत नव्हती. त्याला चष्मा हवा होता. फक्त चष्मा.

सरांनी त्या दोघांना सांगितलं, गाठ नाही, फोटोत दोष होता. बायकोनं विचारलं, दोष कोणी पाहिला? सर म्हणाले, "या बाईंनी." ते खोटं नव्हतं. ती उठली आणि खाली वाकून तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मला तिच्या केसांतल्या तेलाचा वास आला. सर माझ्याकडे पाहत होते. दोन पावलं मागे सरायचं आणि गप्प राहायचं, एवढंच केलं असतं तरी मी सुटले असते.

मी तिला उठवलं आणि सांगितलं की दोष माझाच होता. काच मी आणली, चुकीची तपासली, आणि पहिला फोटो काढायचा असतो तो मी काढला नाही.

त्यानं टकलावरून हात फिरवला आणि कसनुसं हसला. "केस येतात जी बाई," म्हणाला. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"तुमच्या घरचं माणूस असतं तं काढला असता का पहिला फोटो?"

ती काय विचारत होती ते मला कळलं. आम्ही साधे लोक म्हणून तुम्ही टाळलं का, असं ती विचारत होती. मला तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. पण खरं तेच तोंडातून गेलं. "नाही. माझी आई तिथे बसली असती तरी काढला नसता. मला इतकी खात्री होती."

तिनं आपला पदर सारखा केला, नवऱ्याच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला, जांभळ्या खुणा झाकल्या.

"मंग तं तुमचं अजूनच भेव वाटते, बाई," ती म्हणाली.

माझी नोकरी गेली नाही. महिन्याभरानं तो चष्मा लावून दाखवायला आला, डोक्यावर बोटभर केस आले होते. एकटाच आला होता.